कमरपट्टा घ्यायला जाताना आधी नऊवारी नेसा, चांदीचं काय ते नंतर बघू

भाचीचं लग्न ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन, "तू एवढी वर्षं सराफ बाजारात काढलीस, दागिन्यांचं तूच बघ बाई." एवढी वर्षं म्हणजे अकरा, नाशिकच्या सराफ बाजारातल्या एका पेढीच्या चांदीच्या काउंटरवर. त्यात एक गोष्ट रोज बघितली. सोन्याच्या काउंटरला माणसं कॅरेट किती, हॉलमार्क दाखवा, घट किती लावणार असं विचारून विचारून सेल्समनचा जीव खातात, आणि तीच माणसं चार पावलं चालून चांदीकडे आली की फक्त डिझाइन बघतात आणि "थोडं कमी करा ना" म्हणतात. चांदी स्वस्त होती तेव्हा चालून जायचं. आता दोनशे ग्रॅमचा कमरपट्टा घ्यायचा म्हणजे गंमत नाहीये, म्हणून भाचीच्या खरेदीत आम्ही काय काय बघितलं ते सगळं इथे लिहितेय. जास्त कमरपट्ट्याबद्दलच लिहिणारे, कारण सगळ्यात मोठा दागिना तोच आणि सगळ्यात जास्त चुकतं तेही त्यातच. वाकी, जोडवी, पैंजण ओघात येतीलच.

आधी एक शंका, जी हमखास विचारली जाते. चांदीचा कमरपट्टा चालतो का, की सोन्याचाच पाहिजे? आपल्याकडे पायात सोनं घालत नाहीत, पण कंबर ही बरोबर मधली जागा, त्यामुळे कमरपट्टा दोन्हीचा चालतो. भाचीला पिवळाच दिसायला हवा होता कारण वरचे सगळे दागिने सोन्याचे, मग चांदीवर सोन्याचा मुलामा. मुलाम्याचं पुढे सांगते, त्याने शुद्धता तपासताना घोळ होतो.

आता माप. दुकानात मुली जीन्स कुर्तीवर येतात, सेल्समन टेप लावतो, अठ्ठावीस म्हणतो, आणि अठ्ठावीसचा पट्टा काढून देतो. लग्नाच्या दिवशी तो लागत नाही. मी असताना एका बाईंच्या मुलीचं असं झालं होतं, पट्टा दोन इंच कमी पडला आणि शेवटी मागून लाल नाडीने बांधला, वर पदर ओढून घेतला. नंतर त्या भांडायला आल्या दुकानात, पण पट्टा घेताना माप त्यांनीच कुर्तीवर दिलं होतं, भांडणार कोणाशी.

कमरपट्टा कंबरेवर बसत नाही हो, साडीवर बसतो. नऊवारीत पुढे निऱ्या खोचलेल्या असतात, मागे कासोटा खोचलेला असतो, त्या सगळ्याचा जाडपणा पट्ट्याच्या खाली येतो. भाचीची कंबर नुसती मोजली तर २८ इंच. नऊवारी नेसवून, ज्या जागी पट्टा बसणार त्या जागी, म्हणजे बेंबीच्या जरा खाली, उभं राहून मोजली तर ३१. मग तिला खाली पाटावर बसवलं, मांडी घालून, कारण लग्नात मुलगी उभी कमी आणि बसलेली जास्त असते, कन्यादान, होम, सगळं बसूनच. बसल्यावर टेप ३२.५ वर गेली. म्हणजे नुसत्या कंबरेपासून साडेचार इंचांचा फरक, आणि ही बारीक मुलगी आहे, पोट नाहीच तिला. आयती शिवलेली नऊवारी असेल तर जाडपणा थोडा कमी येतो, त्यामुळे ज्या साडीवर घालणार तीच साडी नेसून मापं घ्या, ती अजून आली नसेल तर तसल्याच जाडीची दुसरी.

मग ऑर्डर कितीची द्यायची, ३१ ची की ३२.५ ची? एकाही मापाची नाही. बसल्याच्या मापाचा घेतला तर उभी राहिल्यावर पट्टा घसरून खाली येतो, उभ्याच्या मापाचा घेतला तर बसल्यावर रुततो. आम्ही ३० इंचाचा पट्टा आणि त्याला मागे ४ इंचांची साखळी अशी ऑर्डर दिली, साखळीला दर अर्ध्या इंचावर एक कडी. उभी असताना आकडा दुसऱ्या कडीत, बसायच्या आधी पाचव्या कडीत. साखळी मागे पदराखाली जाते, फोटोत येत नाही. आणि हो, लग्न ठरल्यावर मुली डाएट करतात, ऑर्डर दोन महिने आधी दिलेली असते, तेव्हा या कड्या त्यालाही उपयोगी पडतात. पूर्ण गोल, एकाच मापाचा, मागे काहीही कमीजास्त न होणारा पट्टा दिसायला सुंदर दिसतो पण मी कोणालाच घ्यायला सांगणार नाही.

रुंदीचंही बघा. कंबर सरळ नळीसारखी नसते, खाली रुंद होत जाते. दोन इंच रुंदीचा सरळ पट्टा लावला तर खालची कड रुतते आणि वरची कड अंगापासून सुटून उभी राहते, मग बसल्यावर तीच वरची कड पोटात टोचते. उंच मुलीला रुंद पट्टा शोभतो, पण मुलगी पाच फुटांच्या आसपास असेल तर सव्वा इंचाच्या पुढे जाऊ नका. रुंदच हवा असेल तर लहान लहान तुकडे बिजागरीने जोडलेला घ्या, तो अंगाबरोबर वळतो. भाचीचा सव्वा इंचाचाच, म्हणजे जवळजवळ तीन सेंटिमीटर, ठशाचं काम, पुढे एक फूल, खडे नाहीत.

आता वजन. "वजनदार दाखवा" किंवा "हलकं दाखवा" यापलीकडे लोक जात नाहीत, पण वजन आणि आकार जुळतात का हे घरी कागदावर बघता येतं. तीस इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद, आणि पत्रा समजा अर्धा मिलिमीटर जाड. ७६ गुणिले ३ गुणिले ०.०५, झाले साधारण साडेअकरा घन सेंटिमीटर. दागिन्याच्या चांदीचा एक घन सेंटिमीटर साधारण १०.४ ग्रॅम भरतो. म्हणजे नुसता पत्राच ११८ ग्रॅमच्या आसपास. त्यावर फूल, बिजागऱ्या, कडेची तार, मागची साखळी धरली की १८० ते २१० ग्रॅम होतात. भाचीचा २१० भरला.

हे कशासाठी सांगितलं, तर एका दुकानात त्याच लांबीरुंदीचा, भरीव दिसणारा, जाळी नसलेला पट्टा आम्हाला दाखवला आणि वजन सांगितलं ८५ ग्रॅम. सेल्समन खूश, "बघा मॅडम, लुक हेवी, वजन लाइट, बजेटमध्ये." साखळी आणि बिजागऱ्या वजा केल्या तर पत्र्याला उरले सत्तरच्या आसपास, म्हणजे पत्र्याची जाडी ०.३ मिलिमीटरच्या घरात. असा पत्रा अंगठ्याने दाबला की पोचा येतो, आणि बिजागरी जिथे जोडलेली असते तिथे दोन चार लग्नांत फाटतो. फाटलेल्या पातळ पत्र्याला डाक, म्हणजे वितळवून भरायचा जोड, द्यायची म्हटली तर शेजारचा पत्राच वितळतो, कारागीर हात लावायला तयार होत नाही. हलका हवा असेल तर जाळीकामाचा घ्या, किंवा साखळ्यांचा घ्या, ६० ते १०० ग्रॅममध्ये चांगले येतात. पण भरीव दिसणारा हलका, हा प्रकार टाळा.

वजन सांगताना जुने लोक "वीस भाराचा कमरपट्टा" म्हणतात. आता बाजारात दहा ग्रॅमचा एक भार धरतात, जुना तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा. आजीच्या वेळचा वीस तोळ्यांचा पट्टा आणि आजचा वीस भाराचा पट्टा यात ३३ ग्रॅमचा फरक पडतो, तेव्हा तुलना करताना सरळ ग्रॅममध्येच बोला.

आता टंच. हा भाग जरा नीट वाचा, पैसे इथेच जातात.

टंच म्हणजे शंभरात चोख चांदी किती. ९२५ म्हणजे साडेब्याण्णव टंच, बाकीचं मुख्यत्वे तांबं. चोख चांदीचा कमरपट्टा द्या असं लोक म्हणतात, पण चोख चांदी मऊ असते, बिजागरी सैल पडते, आकडा वाकतो, वाकी तर पहिल्याच दिवशी पसरते. म्हणून तांबं मिसळावंच लागतं, त्यात फसवणूक काही नाही. फसवणूक होते ती किती मिसळलं हे न सांगण्यात. शिवाय जोड देताना जी डाक वापरतात त्यात चांदी कमी आणि तांबं, जस्त जास्त असतं, ती लवकर वितळावी म्हणून. कमरपट्ट्यात वीस पंचवीस तुकडे, प्रत्येकाला दोन दोन जोड. पत्रा ९२५ चा असला तरी डाक सढळ हाताने टाकली असेल तर अख्खा दागिना मुशीत घातल्यावर टंच खाली येतो. पैंजणाचं तर विचारूच नका, एवढी घुंगरं, एवढ्या कड्या, सगळीकडे डाक.

माझ्या स्वतःच्या लग्नातला कमरपट्टा, "एकदम शुद्ध आहे ताई" म्हणून घेतलेला, मी पुढे मोडायला काढला तेव्हा ६२ टंच लागला. तेव्हा मी काउंटरवर कामाला होते तरी स्वतःच्या पट्ट्याचं कधी तपासलं नव्हतं, घरातलंच म्हणून. सासूबाई अजून टोमणा मारतात.

हिशोब करून दाखवते म्हणजे कळेल. भाव रोज बदलतो, म्हणून फक्त समजण्यासाठी धरा की चोख चांदी २०० रुपये ग्रॅम आहे. दोन दुकानं, दोन्हीकडे २१० ग्रॅमचा पट्टा.

पहिला म्हणतो, ९२५ आहे, हॉलमार्क आहे, भाव १८५ रुपये ग्रॅम, घडणावळ ३० रुपये ग्रॅम वेगळी. चांदीचे झाले ३८,८५०, घडणावळ ६,३००, एकूण ४५,१५०, वर ३ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ४६,५०० रुपये.

दुसरा म्हणतो, भाव १७० रुपये ग्रॅम आणि घडणावळ फ्री. चांदीचे ३५,७००, जीएसटीसकट साधारण ३६,८००. जवळजवळ दहा हजारांचा फरक! कोणीही दुसऱ्याकडेच जाणार. पण दुसऱ्याचा पट्टा मोडल्यावर ६५ टंच निघाला तर आत चोख चांदी फक्त १३६.५ ग्रॅम, किंमत २७,३००. तुम्ही दिले ३५,७००. म्हणजे फ्री घडणावळीचे ८,४०० रुपये तुम्ही दिलेत, बिलावर दिसले नाहीत एवढंच. पहिल्याकडे आत १९४ ग्रॅमच्या वर चोख चांदी आहे, किंमत बरोबर ३८,८५०, आणि घडणावळ ६,३००, जी डोळ्यासमोर आहे. स्वस्त कोण पडला?

बजेट कमी असेल तर कमी टंचाचा घ्यायला माझी अजिबात हरकत नाही, एका दिवसासाठीच घालायचाय तर घ्या की. फक्त ६५ टंचाला ६५ टंचाचा भाव द्या, ८५ टंचाचा नाही. म्हणून काउंटरवर विचारायचा प्रश्न "शुद्ध आहे का" हा नाहीच. त्याला उत्तर कायम हो असतं. विचारायचं असं, "हाच पट्टा मी पुढच्या वर्षी मोडायला आणला तर किती टंचाने घ्याल, आणि ते बिलावर लिहून द्याल का?" सेल्समन मालकाकडे बघायला लागला की समजून जा.

हॉलमार्कचं थोडक्यात. चांदीला हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे, सोन्यासारखी सक्ती नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख नंबर, सुरू झालाय, म्हणजे हॉलमार्क केलेला नवा दागिना असेल तर त्यावर बीआयएसची खूण, टंचाचा आकडा आणि हा नंबर सापडला पाहिजे. फोनमध्ये BIS Care अॅप घ्या, त्यात Verify HUID मध्ये नंबर टाका, आणि दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळते का बघा, कारण कमरपट्ट्यावरचा नंबर टाकल्यावर अॅपमध्ये अंगठी दिसली तर काय उपयोग. नुसतं ९२५ कोरलेलं असेल आणि बाकी काही नसेल तर तो दुकानदाराचा स्वतःचा शिक्का, त्याच्यावर विश्वास ठेवायचा तर दुकानदारावर ठेवा, शिक्क्यावर नको. आणि शिक्का पट्ट्यावर आहे का अडकवायच्या आकड्यावर तेही बघा, आकडा चांगल्या चांदीचा आणि पट्टा भलताच असं होऊ शकतं.

हॉलमार्क नसेल तर दुकानातलं मशीन असतंच, दागिना आत ठेवला की स्क्रीनवर टक्के येतात. मशीन खोटं बोलत नाही पण त्याला फक्त वरची कातडी दिसते, आत खोलवर ते बघू शकत नाही. वर सोन्याचा किंवा चोख चांदीचा मुलामा असेल तर आकडा मुलाम्याचाही येतो. म्हणून मुलामा चढवायच्या आधी तपासून घ्यायचं, हे आम्ही मुद्दाम केलं. पट्टा पांढरा असतानाच मशीनवर ठेवायला लावला, एकदा मधल्या पत्र्यावर, एकदा मागे बिजागरीच्या जोडावर. पत्र्यावर ९२.६, जोडावर ८७ च्या आसपास. जोडावर कमी येणारच, पण तिथे साठ पासष्ट आला असता तर मी पट्टा तिथेच ठेवून आले असते.

घरी करण्यासारखी एक टेस्ट आहे, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर. काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. कमरपट्टा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हाताने लटकत धरा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही, हलवून बुडबुडे काढून टाकायचे. काट्यावर जो आकडा येतो तो पट्ट्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. २१० ग्रॅमचा चांदीचा पट्टा असेल तर २० ग्रॅमच्या आसपास दिसेल. पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा असेल तर २४ ते २५. जर्मन सिल्व्हर नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. लोहचुंबक लावून बघणं तर बिनकामाचं, पितळही चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही.

पण पाण्याच्या टेस्टवर फार उड्या मारू नका. ९२५ आणि ८० टंच यातला फरक त्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी येतो, घरचा काटा तेवढा पकडणार नाही. चांदी आहे की दुसराच धातू एवढंच कळतं. आणि दागिना पोकळ असेल, आत लाख भरलेली असेल, खडे असतील तर आकडा भलताच येतो. लाखेवरून आठवलं, बिल करताना पूर्ण वजन वेगळं आणि निव्वळ चांदीचं वजन वेगळं लिहून घ्या. खडे, लाख, मोती, आतली स्टीलची स्प्रिंग, हे सगळं चांदीच्या भावाने घेऊ नका. खडे बसवायच्या आधी वजन करून घ्या म्हटलं की बरेच दुकानदार करून देतात, आयत्या मालाला मात्र अंदाजच सांगतात, तिथे घासाघीस करायला हरकत नाही.

मुलामा चढवल्यावर दुकानदार "सोन्याचं पॉलिश" म्हणून वेगळे पैसे लावतो, ठीक आहे, ते कामाचे पैसे आहेत. पण त्यातलं सोनं इतकं पातळ असतं की मोडताना त्याचा एक रुपया मिळत नाही. बिजागरीवर आणि फुलाच्या टोकांवर आधी उडतो. अत्तर, हेअर स्प्रे, घाम याने लवकर जातो. हळदीला घालूच नका.

आता एक गोष्ट जी कोणी बघत नाही आणि मला सगळ्यात जास्त सांगायची होती. पट्टा उलटा करा. पुढून सगळे बघतात, मागून बघा. जोड देताना सांडलेली डाक घासून काढलेली नसेल तर मागे बारीक खडबडीत दाणे राहतात, तारेची टोकं राहतात. मी पर्समध्ये कापसाचा बोळा घेऊन जाते, तो मागच्या बाजूने सावकाश फिरवते. एखादा धागा जरी अडकला तरी तिथे बोट लावून दाखवते. कारण आपल्या मुली खाली काय नेसणार, पैठणी, येवला आपल्याच जिल्ह्यात, दुसरं कोण काय नेसणार. जरीत एकदा काटा अडकला आणि मुलगी उठली की जरीची तार ओढली जाते, आणि ती परत बसवता येत नाही. भाचीच्या पट्ट्यात कापूस तीन ठिकाणी अडकला. दुकानदाराने आधी "पॉलिशमध्ये जाईल ते" म्हणून टाळलं. जात नाही, पॉलिशने चकाकी येते, काटा तसाच राहतो. आतल्या कारागिराला बोलवायला लावलं, त्याने कानस घेऊन पाच मिनिटांत साफ करून दिलं आणि मला म्हणाला, "ताई, तुम्ही लाइनमधल्या दिसता."

वाकी. कोणी वंकी म्हणतं, कोणी बाजूबंदच म्हणतं, दुकानात तिन्ही शब्द चालतात. इथेही तीच चूक, हात सैल सोडून माप घेतात. हात कोपरात वाकवून मूठ आवळा आणि मग मोजा, दंड फुगतो. भाचीचा सैल हात २५ सेंटिमीटर, मूठ आवळल्यावर २७. आणि आपल्याकडे वाकी बऱ्याचदा खणाच्या ब्लाउजच्या बाहीवर येते, तेव्हा ब्लाउज घालून मोजायचं. उजवा हात बहुतेकींचा थोडा जाड असतो, दोन्ही मोजा. वाकी घातल्यावर एक बोट आत गेलं पाहिजे. सैल घेतली तर मात्र घसरून कोपरावर येते, कारण दंड खाली निमुळता होत जातो, मुलगी दिवसभर ती वर सारत बसते.

वाकीत दोन प्रकार येतात, एक उघड्या तोंडाची, पसरवून घालायची, आणि एक बिजागरी आणि फिरकीची. उघड्या तोंडाची दिसायला साधी, सोयीची वाटते, पण दर वेळी पसरवली, दाबली की चांदी त्या जागी कडक होत जाते आणि एक दिवस बरोबर मधोमध तडा जातो. नव्या वाकीलाही जातो, कारण ट्रायलला दहा जणींनी पसरवून बघितलेली असते. मधल्या भागावर आडवी बारीक रेघ दिसते का, उजेडात धरून बघा. कडक झालेली वाकी कारागिराकडे दिली तर तो तापवून परत नरम करून देतो, पण तडा गेल्यावर डाकच, आणि डाकेची जागा पसरवताना पुन्हा सुटते. दंड जाड असेल तर सरळ बिजागरीची घ्या. वजन एका वाकीला ३० ते ५० ग्रॅम पुरे, त्यापेक्षा जड असली की खाली ओढते.

जोडवी आणि पैंजण संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर घ्यायला जा, सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय वेगळा असतो. जोडवी उघड्या तोंडाची घ्या आणि तोंडाच्या कडा बोटाने चाचपून बघा, नाहीतर शेजारच्या बोटाला कापतात. पैंजण घोट्याच्या हाडाखाली जिथे टेकतात तिथे मोजून त्यात अर्धा इंच वाढवा. रोज वापरायचे असतील तर कमी घुंगरांचे घ्या, जोड कमी, डाक कमी, टंच बरा. एवढंच.

दुकान कोणतं, हे विचारू नका, मी सांगणार नाही, सराफ बाजारात चांगलेही आहेत आणि माझ्या पट्ट्यासारखेही आहेत. फक्त शनिवार रविवारी जाऊ नका, मशीनवर दोन ठिकाणी टेस्ट करा म्हटलं की गर्दीत तोंड वाकडं करतात. मंगळवारी, बुधवारी सकाळी अकराला जा. रविवार कारंजावर गाडी लावायला जागा मिळणारच नाही, तेव्हा रिक्षाने जा. आणि पावसाळ्यात ऑर्डर दिली असेल तर डिलिव्हरीच्या तारखेत आठवडाभर हातात ठेवा, गोदावरीला पूर आला की पाणी सराफ बाजारात शिरतं, २०१९ ला शिरलं होतं तेव्हा दुकानदार माल वरच्या मजल्यावर चढवायच्या मागे होते, कोणाच्या पट्ट्याला पॉलिश करायला सवड कुणाला होती.

माल ताब्यात घेताना आम्ही पट्टा काट्यावर ठेवून आकड्यासकट फोटो काढला, मग पुढून, मागून, आणि हॉलमार्कच्या जागेचा जवळून. बिलावर निव्वळ वजन, टंच, भाव, घडणावळ वेगवेगळी, आणि खाली दुकानदाराच्या हातचं एक वाक्य, मोड ९२ टंचाने घेऊ. घरी आणून झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवला, गुंडाळायला रबरबँड लावला नाही कारण रबरातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो. दुकानातून येतो त्या लाल स्पंजच्या डबीतही ठेवला नाही.

लग्नात होमाला बसायच्या आधी मी मागे जाऊन आकडा दुसऱ्या कडीतून काढून पाचवीत अडकवला. भटजींनी विचारलं काय चाललंय. भाची म्हणाली, "काही नाही गुरुजी, मावशी माप घेतेय."